गटाराचे तीन लाख आणि घरपट्टीची एक ओळ

आमच्या गल्लीतलं गटार सलग तीन वर्षं ग्रामपंचायतीच्या अर्थसंकल्पात होतं. 2022-23 मध्ये, 2023-24 मध्ये आणि पुन्हा 2024-25 मध्ये. रक्कमही दर वर्षी तीच, तीन लाख रुपये. गल्लीत मात्र एक फावडं पडलं नाही. सांडपाणी रस्त्यावरूनच वाहायचं आणि पावसाळ्यात खालच्या चार घरांच्या उंबऱ्याला लागायचं.

2024 च्या मे महिन्यातल्या ग्रामसभेत भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांनी, खर्चाची बाजू वाचून दाखवली. "अंतर्गत गटार बांधकाम, तीन लाख" हे शब्द तिसऱ्यांदा कानावर आले तेव्हा मी उठून विचारलं, "भाऊसाहेब, मागचे दोन वर्षांचे सहा लाख कुठे गेले?" ते म्हणाले, "ताई, ती तरतूद होती. तरतूद म्हणजे हातात आलेले पैसे नव्हेत." मागून कुणीतरी "खाल्ले!" म्हणून ओरडलं, गोंधळ झाला आणि सभा पुढच्या विषयावर गेली.

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं. पण भाऊसाहेबांचं वाक्य डोक्यातून जाईना. मी आमच्या बचत गटाची सचिव आहे, रोकडवही मीच लिहिते. जमा नसेल तर खर्च पडत नाही, एवढं मला कळतं. मग पैसे नव्हते तर तरतूद केली कशी, आणि तरतूद केली तर पैसे का नव्हते? कागद बघितल्याशिवाय हे कळणार नव्हतं.

आधी तोंडी मागून पाहिलं. अर्थसंकल्प पंचायत समितीकडे गेलाय, प्रत नाही, असं उत्तर मिळालं. मग माहितीच्या अधिकारात अर्ज केला. या अर्जाच्या वेळी आमच्या शेजारच्या आळीतले एक काका उपयोगी पडले. पंचायत समितीच्या लेखा विभागातून ते निवृत्त झालेत. मी अर्जात "गावाच्या खर्चाची सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं होतं. त्यांनी ते खोडलं. म्हणाले, "सर्व माहिती मागितलीस तर काहीच मिळणार नाही. कागदाचं नाव घेऊन माग."

ग्रामपंचायतीचे हिशोब 2011 च्या लेखासंहितेप्रमाणे ठरलेल्या नमुन्यांत लिहिले जातात. असे एकूण 33 नमुने आहेत, पण माझ्या प्रश्नाला तीनच पुरेसे होते. नमुना 1 म्हणजे अर्थसंकल्प. नमुना 3 म्हणजे वर्षभरात प्रत्यक्ष किती जमा झाले आणि किती खर्च पडले त्याचं विवरण. नमुना 9 म्हणजे कर मागणी नोंदवही, कुणाकडून किती येणं आहे आणि किती आलं ते. काकांनी चौथी एक ओळ घालायला लावली: "31 मार्च 2024 रोजी ग्रामपंचायतीच्या प्रत्येक बँक खात्यातील शिल्लक". ही ओळ कशाला, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला, पोच घेतली. बाविसाव्या दिवशी पत्र आलं, पानाला दोन रुपयांप्रमाणे पैसे भरले आणि कागद हातात आले. नमुना 9 मोठी वही असल्यामुळे तिचा फक्त गोषवारा दिला होता आणि वही कार्यालयात येऊन पाहता येईल असं लिहिलं होतं.

घरी येऊन मी सगळ्यांत आधी खर्चाच्या पानावर गेले, कारण गटार तिथे होतं. बहुतेक माणसं तेच करतात आणि मला वाटतं तिथेच चुकतात. खर्चाच्या पानावर सगळं छान दिसतं. प्रत्येक वॉर्डासाठी काही ना काही असतं. काकांनी पान उलटं फिरवून जमेची बाजू समोर ठेवली आणि म्हणाले, "बेरीज बघू नकोस. पैसे किती प्रकारचे आहेत ते आधी वेगळे कर."

जमेची बेरीज 53 लाख 80 हजार होती. तीन हजार वस्तीच्या गावाला हा आकडा मोठा वाटतो. पण त्यात तीन वेगवेगळ्या पेट्या आहेत आणि एका पेटीतले पैसे दुसऱ्या पेटीच्या कामाला चालत नाहीत.

पहिली पेटी ग्रामनिधीची. घरपट्टी, तिच्याबरोबर येणारा दिवाबत्ती आणि आरोग्य कर, जागाभाडं, दाखल्यांची फी हे गावाचं स्वतःचं उत्पन्न. जमीन महसुलावरचा उपकर आणि मुद्रांक शुल्कातला वाटा वरून येतो, पण तोही याच पेटीत पडतो. ही पेटी सर्वांत मोकळी, कारण यातून काय करायचं ते बऱ्याच अंशी ग्रामपंचायतच ठरवते. दुसरी पेटी पाणीपुरवठ्याची. पाणीपट्टी तिथे जमा होते आणि पंपाचं वीजबिल, दुरुस्ती, पाणी शुद्धीकरण, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार तिथूनच जायला हवा. तिचं बँक खातंही वेगळं असतं. तिसरी पेटी पंधराव्या वित्त आयोगाची, म्हणजे केंद्राकडून आलेल्या निधीची.

या तिसऱ्या पेटीला आतून पुन्हा कप्पे होते. आलेल्या निधीपैकी 60 टक्के बंधित होता. त्यातला अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. उरलेले 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरता यायचे, पण त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. आमच्या अर्थसंकल्पात या निधीचे 16 लाख धरले होते. म्हणजे पाण्याला चार लाख ऐंशी हजार, स्वच्छतेला तेवढेच आणि मोकळे सहा लाख चाळीस हजार.

मग आरंभीची शिल्लक. जमेच्या बाजूची पहिलीच ओळ ती होती, 11 लाख 20 हजार. ती वाचून माझं डोकंच तापलं. 11 लाख शिल्लक पडलेत आणि तीन लाखांचं गटार होत नाही? काकांनी तेव्हा बँक शिलकांचा कागद पुढे केला. त्यावर तीन खाती होती. वित्त आयोगाच्या खात्यात आठ लाख दहा हजार. पाणीपुरवठ्याच्या खात्यात दोन लाख तीस हजार. आणि ग्रामनिधीच्या खात्यात ऐंशी हजार. तिन्हींची बेरीज बरोबर 11 लाख 20 हजार. अर्थसंकल्पात तीन खात्यांची मिळून एकच ओळ होती, म्हणून ती रक्कम मोकळी वाटत होती. वित्त आयोगाच्या आठ लाखांतलेही पाच लाखांहून जास्त आधीच सुरू झालेल्या जलवाहिनीच्या कामाचं देणं होतं. ठेकेदाराचं बिल निघायचं बाकी होतं, म्हणून पैसे खात्यात दिसत होते.

ही शिल्लक मी पुढे अनेकांना समजावून सांगितली, कारण गावात सर्वांत जास्त संशय या एका ओळीवरून येतो. शिलकीचा आकडा दिसला की तो कोणत्या खात्यात आहे आणि त्यावर कोणत्या कामाचा हक्क आधीच बसलाय, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय तो वाचूच नये.

आता गटार. खर्चाच्या बाजूला ते "ग्रामनिधीतून बांधकाम" या गटात होतं. गटार तीन लाख, अंतर्गत रस्ते दुरुस्ती अडीच लाख, स्मशानभूमी दुरुस्ती दोन लाख. एकूण साडेसात लाख. म्हणजे आमच्या गटाराचा वित्त आयोगाशी काही संबंधच नव्हता. ते घरपट्टीच्या पैशांवर उभं होतं.

मी घरपट्टीच्या ओळीवर बोट ठेवलं. नमुना 1 मध्ये एका शीर्षासमोर एकच आकडा नसतो. मागच्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे शेजारीशेजारी रकाने असतात. ग्रामसभेत वाचला जातो तो फक्त पुढच्या वर्षाचा. आमच्या कागदावर घरपट्टीसमोर 2024-25 चा अंदाज होता 14 लाख 60 हजार. आणि त्याच ओळीत, दोन बोटं पलीकडे, 2022-23 ची प्रत्यक्ष जमा होती सहा लाख दहा हजार.

मी ती ओळ तीनदा वाचली. दोन वर्षांत घरं दुप्पट झाली नव्हती, दर वाढले नव्हते. मग सहाचे साडेचौदा कसे?

उत्तर नमुना 9 च्या गोषवाऱ्यात होतं. गावात साडेसहाशे मालमत्ता, सरासरी बाराशे रुपये कर. चालू वर्षाची मागणी सात लाख ऐंशी हजार. तिच्यावर मागची थकबाकी सहा लाख ऐंशी हजार. बेरीज 14 लाख 60 हजार. म्हणजे अर्थसंकल्पात "येतील" म्हणून जी रक्कम लिहिली होती ती खरं तर "येणं आहे" ती रक्कम होती. प्रत्येक घराने या वर्षाचा सगळा कर भरला आणि शिवाय मागची सगळी बाकी एकाच वर्षात चुकती केली, तरच ती जमा होणार. प्रत्यक्षात दर वर्षी सव्वासहा लाखांच्या आतच वसुली होत होती. चालू मागणीसुद्धा पुरी वसूल होत नव्हती. दर वर्षी पावणेदोन लाखांच्या आसपास रक्कम मागे राहायची, ती पुढच्या वर्षी थकबाकी होऊन मागणीत मिळायची आणि अर्थसंकल्पातली जमा आपोआप फुगायची. जितकी वसुली वाईट, तितका पुढच्या वर्षीचा अर्थसंकल्प मोठा. हे कळलं तेव्हा मी काकांकडे बघतच राहिले.

ते म्हणाले, "मी पंचायत समितीत असे शेकडो बघितले. पुष्कळ ठिकाणी आधी खर्चाची यादी ठरते. प्रत्येक सदस्याला आपल्या वॉर्डाचं काम यादीत हवं असतं. मग ती यादी बसेल एवढी जमा लिहायची असते आणि थकबाकी तिथे हाताशी असते."

मग आम्ही एक कोरा कागद घेतला आणि ग्रामनिधीचा हिशोब दोनदा मांडला, एकदा अर्थसंकल्पाप्रमाणे आणि एकदा खऱ्या वसुलीप्रमाणे.

अर्थसंकल्पाप्रमाणे घरपट्टी 14 लाख 60 हजार, जागाभाडं आणि फी एक लाख वीस हजार, उपकर आणि मुद्रांक शुल्काचा वाटा दोन लाख चाळीस हजार, खात्यातली शिल्लक ऐंशी हजार. एकूण 19 लाख. खर्चात आधी टाळता न येणारी देणी. चार कर्मचाऱ्यांच्या पगारातला ग्रामपंचायतीचा वाटा, पथदिव्यांचं बिल, कार्यालयीन खर्च आणि साफसफाई मिळून सहा लाख 76 हजार. त्यानंतर कायद्याने आणि शासन निर्णयांनी राखून ठेवायचे वाटे: स्वउत्पन्नाच्या 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी. स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी आणि फी, 15 लाख 80 हजार. त्याचे 30 टक्के चार लाख 74 हजार. 19 लाखांतून हे दोन्ही वजा केले की बरोबर साडेसात लाख उरतात, म्हणजे बांधकामाच्या तीन कामांची नेमकी बेरीज. कागदावर हिशोब चोख जुळत होता.

मग घरपट्टी सहा लाख दहा हजार धरली. एकूण हातात येणारे साडेदहा लाख. देणी तीच, सहा लाख 76 हजार, कारण वीजबिल वसुली बघून येत नाही. स्वउत्पन्न आता सात लाख 30 हजार, त्याचे 30 टक्के दोन लाख 19 हजार. उरले एक लाख 55 हजार. साडेसात लाखांच्या तीन कामांसाठी दीड लाख.

त्यातही पहिला हात कुठे जातो ते नमुना 3 मध्ये दिसलं. 2022-23 मध्ये रस्ते दुरुस्तीवर एक लाख दहा हजार प्रत्यक्ष खर्च पडले होते, पावसाळ्यात मुरूम टाकलेला. गटारासमोर शून्य. 2023-24 मध्ये तसंच. मुरूम दहा-वीस हजारांच्या तुकड्यांत टाकता येतो, गटार तसं तुकड्यांत बांधता येत नाही. म्हणून हातात थोडे पैसे असले की मोठं काम दर वर्षी मागेच राहतं. आमचे सहा लाख कुणी खाल्ले नव्हते. ते आलेच नव्हते.

हे समजल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं, पण राग वाढला. चोरी झाली असती तर तक्रार करता आली असती. इथे तीन वर्षं गल्लीतली माणसं एका आकड्याच्या आशेवर थांबली होती. दिव्यांगांच्या वाट्याचंच बघा. अर्थसंकल्पात त्यांच्यासाठी 79 हजार दाखवले होते. खऱ्या वसुलीवर ते साडेछत्तीस हजारच होतात. आमच्या गल्लीत एक मुलगी कुबड्यांवर चालते. तिच्या आईला 79 हजारांचा आकडा पाठ होता. तिचा समज होता की अर्धे पैसे कार्यालयात अडवून ठेवलेत. तिला समोर बसवून मी टक्केवारीचा हिशोब दाखवला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

एक गोष्ट अजून बाकी होती. थकबाकी नक्की कुणाची? गावात सर्रास बोललं जातं की गरीब लोक पट्टी भरत नाहीत. मी दोन दुपारी कार्यालयात बसून नमुना 9 ची वही पाहिली. शिपायाने टेबल मोकळं करून दिलं, भाऊसाहेबांनीही आडकाठी केली नाही. वहीत प्रत्येक मालमत्तेसमोर मागील बाकी, चालू मागणी, एकूण आणि वसुली असे रकाने असतात. मी मागील बाकीचा रकाना वरून खाली वाचत गेले आणि 10 हजारांच्या वरचे आकडे वेगळे लिहून काढले. 14 मालमत्ता निघाल्या. त्यांची मिळून बाकी तीन लाख दहा हजार, म्हणजे एकूण थकबाकीच्या जवळजवळ निम्मी. दोन मोबाइल टॉवर, काही गोदामं, एक मोठी शेड, आणि मालक बाहेरगावी असलेले बंद वाडे. उरलेले तीन लाख 70 हजार शेकडो घरांत पसरलेले होते, कुठे पाचशे, कुठे दोन हजार. पत्र्याच्या एका खोलीत राहणाऱ्यांपैकी बहुतेकांची पट्टी भरलेली होती, कारण त्यांना दाखला लागतो आणि दाखला मागायला गेलं की आधी पट्टी मागतात. गोदामवाल्याला ग्रामपंचायतीच्या दाखल्याची गरज वर्षानुवर्षं पडत नाही.

पाणीपट्टीची ओळही मी तशीच वाचली. तिथेही मागणीच जमेला धरली होती. तिच्यात फार शिरत नाही, रीत तीच आहे. नगरपरिषदेच्या गावात राहणाऱ्या माझ्या नणंदेने नंतर त्यांचा अर्थसंकल्प आणून दाखवला. तिथे महसुली आणि भांडवली असे मोठे भाग असतात आणि शेवटी "असाधारण ऋण व निलंबन लेखे" नावाचा एक भाग येतो. त्यात ठेकेदारांच्या अनामत रकमा आणि शासनासाठी गोळा केलेला शिक्षण कर असतो. तो एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने जातो, शहराचा त्यावर हक्क नाही, पण एकूण बेरजेत तो मिळवलेला असतो. तिला मी तोच भाग आधी वजा करायला सांगितला. मालमत्ता कराची ओळ मात्र तिने स्वतःच शोधली, अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यात तिथेही मोठी दरी होती.

आता गटाराचं काय करायचं? काका म्हणाले, "ग्रामनिधीत ते कधीच होणार नाही. पेटी बदल." सांडपाण्याची व्यवस्था स्वच्छतेत बसते. वित्त आयोगाच्या बंधित निधीत स्वच्छतेचा चार लाख ऐंशी हजारांचा कप्पा होता आणि त्यात आदल्या वर्षी कचराकुंड्या आणि शोषखड्डे सोडले तर मोठं काम घेतलेलंच नव्हतं. पण तिथे वर्षाच्या मध्ये काम सहज घुसवता येत नाही. ते काम आधी ग्रामपंचायत विकास आराखड्यात यावं लागतं, आराखडा ग्रामसभेत मंजूर व्हावा लागतो आणि ई-ग्रामस्वराज प्रणालीवर चढावा लागतो. जे काम त्या आराखड्यात नाही त्याचं देयक निघत नाही. आराखडा बनतो ऑक्टोबरपासून पुढे, पुढच्या वर्षासाठी. आम्ही तीन वर्षं मे महिन्यात भांडत होतो. तोवर त्या वर्षाचं सगळं ठरून गेलेलं असायचं.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला गल्लीतल्या एकवीस बायका आल्या. मी लेखी प्रस्ताव दिला: गटार ग्रामनिधीतून काढावं आणि 2025-26 च्या आराखड्यात बंधित स्वच्छता निधीतून घ्यावं. ठरावात निधीचं नाव आणि कप्पा दोन्ही लिहून घेतले, कारण नुसतं "गटार घ्यावे" असं लिहिलं असतं तर ते पुन्हा घरपट्टीच्या भरवशावर गेलं असतं. दुसरी मागणी अशी केली की घरपट्टीचा अंदाज मागच्या तीन वर्षांच्या प्रत्यक्ष वसुलीवरून धरावा आणि थकबाकी वेगळ्या ओळीत दाखवावी. यावर वाद झाला. एक सदस्य म्हणाले, थकबाकी हे आपलं कायदेशीर येणं आहे, ते अर्थसंकल्पात नको कसं? मी म्हटलं, येणं आहे हे खरं, ते मागणी नोंदवहीत आहेच. पण मागच्या तीन वर्षांत ते एकदाही आलं नाही, मग त्याच्यावर स्मशानभूमी बांधू नका. सरपंचताई आमच्या बाजूने उभ्या राहिल्या. 14 मोठ्या थकबाकीदारांना मागणीच्या नोटिसा काढायच्या हेही त्याच सभेत ठरलं. नावं वाचायची की नाही यावर बराच वेळ गेला आणि शेवटी वाचली नाहीत. मला ते पटलं.

डिसेंबरात शाखा अभियंता येऊन टेप धरून गेले. 110 मीटर लांबी, अंदाजपत्रक तीन लाख चाळीस हजार. पुढे ई-ग्रामस्वराजवर आमच्या गावाचा 2025-26 चा आराखडा उघडून मी ते काम स्वतः पाहिलं, फोनवर, स्वयंपाकघरात उभी राहून. कामाचं नाव, स्वच्छता हे क्षेत्र, निधीचा स्रोत, रक्कम. चारही गोष्टी ठरावाप्रमाणे होत्या.

नवा अर्थसंकल्प वाचला गेला तेव्हा घरपट्टीची जमा सात लाख लिहिलेली होती. नोटिसांमुळे एका टॉवरची आणि दोन गोदामांची बाकी आली होती, म्हणून सहाचे सात धरले होते. ग्रामनिधीतल्या बांधकामाची यादी साडेसात लाखांवरून दोन लाखांवर आली. एकूण बेरीजही लहान झाली आणि सभेत लगेच आवाज उठला की गावाचे पैसे कमी कसे झाले, आमच्या वॉर्डाचं काम का कापलं. भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे जाऊन त्यांच्या हातातला कागद घेतला, घरपट्टीच्या ओळीतले तिन्ही रकाने डावीकडून उजवीकडे मोठ्याने वाचले आणि मग स्मशानभूमीबद्दल विचारणाऱ्या आजोबांना जवळ बोलावून तोच कागद त्यांच्या हातात दिला.